लॅक्टोज असहिष्णुता
दुधातील लॅक्टोज ही साखर नीट न पचल्याने होणारा त्रास. लहान आतड्यातील लॅक्टेज हे विकर ती फोडते. अनेकांमध्ये बालपणानंतर ते घटते. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणून शौच पातळ होते. मोठ्या आतड्यातील जीवाणू ती आंबवतात, म्हणून वायू धरतो.

प्रमाण निर्णायक ठरते. टपरीवरच्या चहात 50 मिलिलिटर दूध असेल, तर लॅक्टोज जेमतेम अडीच ग्रॅम. 250 मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे 12 ग्रॅम. त्यामुळे चहा सोसणाऱ्यालाही उपाशीपोटी घेतलेला पेला बाधू शकतो. दह्यातील जीवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात, तरी भरपूर दही त्रास देऊ शकते. लॅक्टोज असहिष्णुता ही दुधाची ॲलर्जी नव्हे. शौचातून रक्त किंवा वजनातील घट मात्र वेगळ्या आजाराची खूण असू शकते. तेव्हा केवळ दूध बंद करून थांबू नये, डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.