आगबोटीची ‘बोट’ आणि बांद्याचे ‘स्टेशन’

कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘बोट’ हा शब्द आला की त्याचा अर्थ एकच असे : मुंबईला जाणारी, धूर सोडणारी, भोंगा वाजवणारी आगबोट. तेरेखोल नदीत होड्या होत्या, किनाऱ्यावर पडाव, मचवे, गलबते होती. पण त्यांतल्या कशालाही कोणी बोट म्हणत नसे. बांद्याचा चाकरमानी वेंगुर्ल्यास जाऊन ‘बोट’ धरी आणि बंदरात उभ्या असलेल्या बोटीपर्यंत मात्र ‘होडी’तून जाई. इंग्रजीत ही दोन्ही वाहने ‘बोट’च ठरली असती. मराठीत त्यांची गल्लत कधीच झाली नाही.

परका शब्द भाषेत येतो तेव्हा तो आपले सगळे अर्थ बरोबर आणत नाही. त्याला आत शिरायला जेवढी जागा मोकळी असेल तेवढ्यातच तो बसतो. हे नेमके कसे घडते, हे पाहायला बांदा हे गाव फार सोयीचे आहे.

बांदा हे आदिलशाहीच्या काळातले नावाजलेले व्यापारी ठाणे. पुढे ते सावंतवाडी संस्थानात राहिले. पलीकडचा पेडणे महालही एके काळी सावंतांकडेच होता. १७८८ साली तो पोर्तुगीजांकडे गेला आणि एकाच बोलीच्या मुलखातून सरहद्द आखली गेली. अलीकडे १८३८ मध्ये संस्थानचा कारभार इंग्रजांनी आपल्या देखरेखीखाली घेतला. त्यामुळे बांद्यात नवी संस्था, नवे यंत्र, नवा कागद येई तो इंग्रजी नाव घेऊन. सरहद्दीपलीकडे बऱ्याचदा पोर्तुगीज नाव घेऊन. गोव्याच्या कोंकणीत शाळेला ‘इश्कोल’ म्हणतात, ते पोर्तुगीज ‘एश्कोला’वरून. बांद्याने ‘इश्कोल’ घेतले नाही, आणि नुसते ‘स्कूल’ही घेतले नाही. त्याची हकीकत पुढे येईल.

इंग्रजीच्या आधी पोर्तुगीज शब्दांचा एक थर या किनाऱ्यावर बसलेला होताच. त्यातला ‘मेस्त’ हा शब्द पाहावा. पोर्तुगीज ‘मेश्त्र’ म्हणजे गुरू, उस्ताद, कुठल्याही विद्येतला वा कसबातला जाणता. मालवणी मुलखात शिकवणाऱ्याला गुरुजी, पंतोजी हे शब्द होते. गाण्यातल्या जाणत्याला बुवा होते. मोकळी जागा उरली ती कारागिराची. म्हणून इथे ‘मेस्त’ म्हणजे सुतार. ‘पगार’ या शब्दाची गोष्टही तशीच. पोर्तुगीजमध्ये ते ‘पैसे देणे’ अशा अर्थाचे क्रियापद आहे. मराठीत ते नाम झाले आणि तेही केवळ चाकरीच्या ठरलेल्या मोबदल्याचे. वाण्याला दिलेल्या पैशाला कोणी पगार म्हणत नाही.

तर शब्द येतानाच निम्मा गाळला जातो. ही पहिली पायरी. दुसरी पायरी आल्यानंतरची, आणि ती अधिक मजेदार आहे. आगबोट हा जोडशब्द होता : ‘आग’ आपली, ‘बोट’ इंग्रजांची. आगगाडीही तशीच, फक्त तिचे दोन्ही भाग देशी. होडी आणि आगबोट यांत फरक करायला ‘आग’ हवी होती. पण ‘बोट’ हा शब्द दुसऱ्या कशासाठी वापरातच नव्हता, तेव्हा ‘आग’ निरुपयोगी ठरली आणि गळून पडली. मागे उरलेल्या ‘बोट’मध्ये मात्र तिचा अर्थ मुरलेला राहिला. जोडशब्दाचा अर्धा भाग गळावा आणि उरलेल्या अर्ध्याने पूर्ण अर्थ वाहावा, ही मराठीची जुनी सवय आहे. पोस्ट ऑफिसचे ‘पोस्ट’ झाले ते असेच. इंग्रजीत ‘पोस्ट’ म्हणजे खांब, हुद्दा, चौकी, टपाल असे बरेच काही. बांद्याच्या माणसाने ‘पोस्टात जाऊन येतो’ म्हटले की त्याला फक्त टपालकचेरी अभिप्रेत असते.

आता ‘स्टेशन’ घेऊ. इंग्रजीत पोलिसांचे स्टेशन असते, बंबवाल्यांचे असते, विजेचे असते, बसचे असते. मराठीत नुसते ‘स्टेशन’ म्हटले की रूळ आणि फलाटच डोळ्यांपुढे येतात. याचे कारण पुन्हा रिकाम्या जागेचेच. पोलिसांसाठी ठाणे, चौकी, गेट हे शब्द वापरात होते. रेल्वेगाडी थांबण्याच्या जागेला मात्र आधीचा शब्द असण्याचे कारणच नव्हते. ‘पोलीस स्टेशन’ आजही म्हटले जाते, पण त्यात ‘पोलीस’ हा भाग सहसा गाळता येत नाही. ‘रेल्वे स्टेशन’मधला ‘रेल्वे’ सहज गाळता येतो. शब्दाचा मूळ अर्थ कोणत्या बाजूला झुकला आहे हे ओळखण्याची ही साधी कसोटी आहे : जोडशब्दातला जो भाग टाकला तरी ऐकणारा गोंधळत नाही, तो अर्थ उरलेल्या शब्दात शिरलेला असतो.

बांद्याचे वैशिष्ट्य असे की तिथे हा शब्द वस्तूच्या कितीतरी आधी पोचला. मुंबईहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. बांद्याजवळचे मडुरे स्टेशन याच मार्गावरचे, गोव्याच्या हद्दीअलीकडचे शेवटचे. मधल्या जवळजवळ दीडशे वर्षांत ‘स्टेशन’ हा शब्द गावात होता, पण तो मुंबईहून आलेल्यांच्या बोलण्यात, परळ, दादर, भायखळा या नावांबरोबर. रूळ नसलेल्या मुलखात हा शब्द दुसऱ्या कुठल्या जागेला चिकटू शकला असता. एस.टी. थांबण्याच्या जागेला ‘स्टेशन’ म्हणायला काय हरकत होती? पण तसे झाले नाही. एस.टी.साठी ‘स्टँड’ हा वेगळा शब्द आला, आणि ‘स्टेशन’ आपल्या गाडीची वाट पाहत तसेच थांबले.

एस.टी. हे नावही शेपूट तुटलेल्या शब्दाचेच. मुंबई राज्याच्या ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. नाव खात्याचे होते. लोकांनी ते गाडीला देऊन टाकले. ‘एस.टी. आली’, ‘एस.टी. चुकली’ असे म्हणताना राज्यही आठवत नाही आणि खातेही.

यात इतिहासाने केलेली एक थट्टा आहे. सरकारी मराठीने स्टँडला ‘बसस्थानक’ हे नाव दिले. फलकावर ते असते, बोलण्यात क्वचितच. पण ‘स्थानक’, ‘स्टेशन’ आणि ‘स्टँड’ हे तिन्ही शब्द दूरच्या नात्याने एकाच कुळातले आहेत. ‘स्था’ म्हणजे उभे राहणे, हाच अर्थ तिन्हींच्या मुळाशी आहे. आणि १८५३ ची ती पहिली गाडी जिथे जाऊन थांबली त्या ठाण्याचे शिलाहारकालीन लेखांतले नाव आहे ‘श्रीस्थानक’. स्टेशन हा शब्द परका म्हणून हाकलावा आणि स्थानक हा आपला म्हणून आणावा, या वादात हे नाते बहुधा कोणाच्या लक्षात राहत नाही.

‘तिकीट’ मात्र आकसले नाही, पसरले. रेल्वे १८५३ ची. सबंध हिंदुस्थानासाठीची टपालमुद्रा ऑक्टोबर १८५४ ची. पैसे दिल्याची खूण म्हणून छापलेला कागदाचा छोटा तुकडा, अशा दोन वस्तू मराठी माणसाच्या हाती जवळजवळ एकदमच आल्या. इंग्रजीने दोहोंना दोन नावे ठेवली. मराठीने दोन्हींत सारखेपणा पाहिला आणि ‘तिकीट’ हे एकच नाव पुरवले. म्हणून पाकिटावर लावतो तेही तिकीट, आणि कंडक्टर फाडून देतो तेही तिकीट. पुढे निवडणुका आल्या, तेव्हा पक्षाची उमेदवारीही तिकीट झाली. ती ‘मिळते’, ‘नाकारली जाते’ आणि ‘कापलीही जाते’. उलट दिशेने, वस्तूवर लावलेली किमतीची चिठ्ठी वा वाहतूक पोलिसाने ठोठावलेला दंड यांना मराठीत तिकीट म्हणत नाहीत. दंडासाठी ‘पावती’ आधीच ठाण मांडून होती.

तिकीट किती मुरले आहे हे व्याकरण सांगते. मराठीत ‘जमीन’चे ‘जमिनीवर’ होते, उपांत्य दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो. ‘तिकीट’चेही बिनतक्रार ‘तिकिटावर’ होते, अनेकवचन ‘तिकिटे’. ‘कोर्टात’, ‘पोस्टात’, ‘स्टेशनात’ हेही तसेच सामान्यरूप घेतात. नव्याने आलेले शब्द या रूपाला नाखूश असतात : ‘मॉलमध्ये’, ‘स्कूलमध्ये’. ‘मॉलात’ म्हटले तर ऐकणारा हसतो. ही कसोटी शंभर टक्के बिनचूक नाही. ‘कॉलेजात’ आणि ‘कॉलेजमध्ये’ दोन्ही नांदतात. तरी शब्दाचे वय ताडायला ती बऱ्यापैकी उपयोगी पडते.

‘स्कूल’ या शब्दावर ती लावली की कोडे उभे राहते. शाळा खेड्यापाड्यांत पोचून शतकाहून अधिक काळ लोटला, मग हा शब्द अजून ‘मध्ये’चा आधार का मागतो? कारण नुसत्या ‘स्कूल’ला जागाच मोकळी नव्हती. ‘शाळा’ हा शब्द होता. तोही मुळात कोणत्याही दालनाचा वाचक असून, धर्मशाळा, गोशाळा, पाकशाळा अशा जोडशब्दांना बाजूला सारून एकटा असताना विद्येपुरता आकसलेला. इंग्रजी अमदानीत शिक्षणाचे दोन मजले झाले : खालचा मराठीतून, वरचा इंग्रजीतून. खालच्याला लोक ‘मराठी शाळा’ म्हणू लागले, आणि वरच्या मजल्याला देशी नाव नव्हते म्हणून ‘हायस्कूल’ अखंड, एकजीव शब्द म्हणून आत आले. ‘हायस्कुलात’ हे रूप म्हणूनच ओशाळत नाही. कोकणात आजही मुलगा ‘मराठी शाळेतून हायस्कुलात’ जातो, मग त्या हायस्कुलाचे माध्यम मराठी का असेना.

याच व्यवस्थेने ‘फायनल’ हा शब्द दिला. व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी सातवीची परीक्षा. पुढचा लांबलचक शब्द गळाला आणि ‘फायनल झालेला’ म्हणजे सातवी उत्तीर्ण, प्राथमिक शाळेत मास्तरकी करण्याच्या लायकीचा, असा पुरा अर्थ एका विशेषणाने उचलला. परीक्षा गेली तसा हा अर्थही गेला. आज ‘फायनल’ म्हणजे क्रिकेटची, नाहीतर सौदा पक्का झाल्याची.

नुसत्या ‘स्कूल’ला अखेर जागा मिळाली ती गेल्या काही दशकांत. ‘शाळेत जातो’ आणि ‘स्कूलमध्ये जातो’ ही वाक्ये आता एका अर्थाची राहिलेली नाहीत. दुसऱ्यात इंग्रजी माध्यम आहे, गणवेशाचा टाय आहे, दाराशी येणारी व्हॅन आहे आणि फी आहे. जगातल्या सगळ्या शाळांना पुरणारा शब्द बांद्यात येऊन एका प्रकारच्या शाळेपुरता उरला. ‘मराठी शाळा’ या जुन्या शब्दाचाही अर्थ त्याने हलवला : पूर्वी तो खालचा मजला सांगे, आता बरेचदा परवडणे-न परवडणे सांगतो.

आणि ‘बोट’? किनाऱ्यावरची प्रवासी आगबोट बंद पडली, रस्ते झाले, रेल्वे आली. शब्द मालकाविना उरला, तेव्हा तो पुन्हा सैल झाला. मालवणात आता यांत्रिक मासेमारीची बोट असते, पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारी बोट असते. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे नेणाऱ्या वाहनाला मुंबईचा पाहुणा बोट म्हणतो. धक्क्यावरचा माणूस अजून ‘होडी’च म्हणतो, जरी तिला आता इंजिन बसवलेले असले.