देवळालीचा दरवाजा

जानेवारी उजाडला, की धर्मग्रामाच्या कार्यालयात बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी आईबापांची ये-जा सुरू होते. दाखला हे निमित्त. मूल कोणत्या शाळेत घालावे, फी झेपेल का, महापालिकेच्या शाळेत शिकून ते मागे तर पडणार नाही ना, ही खरी चिंता असते. या चिंतेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या नाशिकच्या उंबरठ्यावरच घडले, हे मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या कानी आलेले असते.

देवळालीचे बार्न्स हायस्कूल बॉम्बे एज्युकेशन सोसायटीचे. ही संस्था १८१५ सालची. तिची देवळालीतील शाळा १९२५ मध्ये सुरू झाली. शाळा अँग्लो-इंडियन, माध्यम इंग्रजी आणि सरकारी अनुदान चालू. तथापि डिसेंबर १९५३ मध्ये तिच्या ४१५ विद्यार्थ्यांपैकी अँग्लो-इंडियन केवळ २१२ होते. उरलेले २०३ इतर समाजांचे. इंग्रज जाऊन पुरती सात वर्षेही झाली नव्हती, तरी आपल्याकडील आईबापांनी आपला कौल असा दिला होता.

६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने आदेश काढला. अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक सोडून अन्य कोणाच्याही मुलास इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे प्रवेश देऊ नये, असे त्यात होते. राष्ट्रभाषेची वाढ व्हावी, हा हेतू सरकारने सांगितला. तो वाईट म्हणता येणार नाही. पुढच्याच महिन्यात दोन पालकांना शाळेने या आदेशामुळे नकार कळविला. एक गुजराती हिंदू डॉक्टर. दुसरे लष्करातील मेजर, भारतीय ख्रिस्ती. आमच्या घरात इंग्रजी हीच मातृभाषा आहे, असे मेजरांचे म्हणणे होते. पण घरात कोणती भाषा बोलतात हे आदेशाने विचारलेच नव्हते, वंश कोणता एवढेच विचारले होते. वसई-मुंबईकडील आपल्या कित्येक घरांना हा प्रश्न आजही परका वाटणार नाही.

पालक आणि संस्था उच्च न्यायालयात गेले. तेथे आदेश टिकला नाही, आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो रद्दच ठरविला. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येत नाही, असे घटनेचे २९ वे कलम सांगते. हेतू कितीही चांगला असो, आदेशाचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो तेच आम्ही पाहणार, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. शिवाय अँग्लो-इंडियन शाळांनी निदान ४० टक्के जागा इतरांना द्याव्यात, तरच त्यांना खास अनुदान मिळेल, ही अट घटनेतच होती. म्हणजे सरकारी आदेश पाळला तर शाळेचे अनुदान बुडणार!

भाषेचे कुलूप असे निघाले. फीचे मात्र तसेच राहिले. योगायोग असा, की ६ मे २०१४ या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारने लादू नये, ती निवड मुलाच्या वतीने पालकांची, हा पहिला. दुसरा असा, की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के मोफत जागा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाहीत. पहिल्याने गरीब आईला निवडीचा हक्क दिला; दुसऱ्याने, ज्या शाळांकडे ती सर्वांत आशेने पाहते, त्या आपल्या मिशनच्या शाळांना तिला मोफत जागा देण्याच्या बंधनातून मोकळे केले. या दुसऱ्या निकालाविषयी १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने शंका व्यक्त करून तो फेरविचारार्थ सरन्यायाधीशांसमोर ठेवला. आम्हा धर्मगुरूंना हा विषय अवघडल्यासारखा होतो, हे कबूल केले पाहिजे.

पालकांना मी एवढेच सुचवितो, की शाळेची इमारत पाहू नका, तेथे चौथीत शिकणाऱ्या शेजारच्या मुलाची वही पाहा. त्यात फळ्यावरून उतरविलेली वाक्येच आहेत, की त्याची स्वतःची, चुकांसह लिहिलेली, दोन वाक्येही आहेत? घरी इंग्रजी वाचणारे कोणी नसेल, तर शिकवणीचे पैसे ही दुसरी फी समजून आजच मोजा. मराठी शाळेतील सेमी-इंग्रजी वर्ग, जेथे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवितात, तोही पाहून घ्या.

गेल्या वर्षी धुणीभांडी करणारी एक बाई दोन दाखले घ्यायला आली. "फादर, दोघांची फी जमत नाही. पोराला इंग्रजीत टाकते, पोरीला म्युन्सिपालटीच्या शाळेत. चालंल ना?" दोघांनाही एकाच सेमी-इंग्रजी शाळेत घाल, मी बोलतो तेथे, असे मी म्हटले. तिने मान डोलावली, दाखले पदरात बांधले. जूनमध्ये मुलगा टाय लावून बसमध्ये चढताना दिसला. मुलगी त्याचे दप्तर घेऊन रस्त्यापर्यंत आली होती.