मामाचं पत्र हरवलं

मामाच्या माळ्यावर ४२ कॅसेटी निघाल्या. प्रत्येकी ९० मिनिटं, म्हणजे एकूण ६३ तास रेडिओ. लेबलवर फक्त 'आकाशवाणी' आणि कुठे कुठे वर्ष. मामाची मागणी एकच: "अरे, एकदा श्रोत्यांच्या पत्रांत माझं पत्र वाचलं होतं, तेवढं शोधून दे." रोज दोन तास ऐकलं तरी महिना गेला असता. म्हटलं, आपण इंजिनियर ना, शोधणं यंत्राला करू दे! मग हे आपल्याआधी कुणी केलंय का ते बघत बसलो, आणि शनिवार कसा गेला कळलं नाही.

तर मंडळी, १९९९च्या डिसेंबरमध्ये कॉम्पॅक कंपनीच्या केंब्रिजमधल्या (मॅसॅच्युसेट्सच्या, इंग्लंडच्या नव्हे) प्रयोगशाळेने 'स्पीचबॉट' नावाचं सर्च इंजिन खुलं केलं. नेटवर असलेले अमेरिकन रेडिओचे गप्पांचे कार्यक्रम उतरवून घ्यायचे, आवाजाचा मजकूर करायचा आणि प्रत्येक शब्दापुढे त्याची वेळ नोंदवायची. शोध आणि निर्देशनासाठी अल्टाव्हिस्टाचंच इंजिन थोडं बदलून वापरलं. आवाज स्वतःकडे साठवला नाही. निकालावर क्लिक केलं की मूळ साइटवरचा कार्यक्रम त्या क्षणापासून सुरू. निर्देशांक म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूचीच, पण पानाऐवजी मिनिट:

```
पाऊस → कॅसेट 14, 12:40 | कॅसेट 31, 03:15
```

आता गंमत बघा. फोनवरून बोलणारे श्रोते, मध्येच संगीत, त्यात नेटसाठी दाबलेला आवाज. यातून निघालेल्या मजकुरात जवळजवळ निम्मे शब्द चुकलेले असायचे. वाचायला घेतलंत तर डोकं फिरेल. तरीही शोध बऱ्यापैकी लागायचा!

कारण साधं आहे. अर्धा तास पावसावर बोलणारा माणूस 'पाऊस' एकदाच म्हणत नाही. समजा सहा वेळा म्हणाला आणि दर वेळी चुकण्याची शक्यता निम्मी. सहाही वेळा चुकण्याची शक्यता ६४त एक. एकदा जरी बरोबर आला तरी कार्यक्रम सापडतो. त्याच सुमारास अमेरिकेतल्या 'ट्रेक' स्पर्धांमध्येही साडेपाचशे तासांच्या बातम्यांवर हेच दिसलं, की मजकुरातल्या चुका वाढल्या तरी शोध फारसा बिघडत नाही.

पण या हिशेबात एक खोट आहे. चुका दर वेळी नव्याने नाणं उडवून होत नाहीत. त्या काळच्या यंत्रांकडे साधारण ६० हजार शब्दांची यादी असायची आणि ऐकलेला आवाज त्या यादीतच बसवावा लागे. यादीत नसलेलं आडनाव सहा वेळा उच्चारलं तर सहाही वेळा चुकणार. वर यंत्र तिथे रिकामी जागा सोडत नाही, जवळपासचे शब्द बिनधास्त लिहून टाकतं. आणि माणसं शोधतात काय? नावं, गावं!

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या जुन्या संग्रहावर २०१२च्या सुमारास असंच काम झालं. सलग ऐकायला तीन वर्षं लागतील एवढा आवाज. बऱ्याच कार्यक्रमांची धड नोंदही नव्हती. त्यांनी यंत्राकडून मजकूर काढून विषयांचे टॅग लावले, आणि टॅग बरोबर की चूक हे ठरवायला श्रोत्यांनाच बसवलं. सगळा मजकूर सुधारत बसण्यापेक्षा हे स्वस्त.

आता माझ्या कॅसेटी. आजची यंत्रं यादीला तेवढी बांधलेली नाहीत, पण जुन्या टेपच्या खरखरीत गावाचं नाव फुटतंच. मामाचं पत्र देवरुखहून गेलेलं. 'देवरुख' शोधलं, निकाल शून्य. मग विचार केला, कदाचित इथे स्वरच चुकले असतील, व्यंजनं टिकली असतील. म्हणून मजकुरातल्या सगळ्या मात्रा आणि शब्दांमधल्या जागा काढून दुसरा निर्देशांक केला. 'देवरुख'चं झालं 'दवरख'.

नऊ निकाल आले. एकात 'दावा' आणि 'राख' लागोपाठ आले होते. अशी खोटी सापडणारच, मात्रा काढल्याची ती किंमत. पण नऊच ठिकाणं, प्रत्येकी अर्धा मिनिट ऐकायचं. सातव्या ठिकाणी यंत्राने लिहिलं होतं 'देव रोख'. कॅसेट २७, दुसरी बाजू, ३१वं मिनिट. निवेदिका वाचत होती, "देवरुखहून आमचे श्रोते लिहितात..."

मामाला फोनवरच ऐकवलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आडनाव चुकीचं वाचलं होतं तिने, आठवलं आता."

म्हणजे यंत्राने ते आडनाव अगदी बिनचूक ऐकलं असतं, तरी मामाच्या नावाने शोधून पत्र सापडलंच नसतं. असो. निर्देशांकात खरं आडनाव मी हाताने घातलंय.