आरसा, किरमिजी रंग आणि बोंबील

बारावीच्या प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला एक बिनरंगी द्रव आला. बाटलीवर फक्त 'सी' असं अक्षर. झाकण उघडल्यावर बदामाच्या इसेन्ससारखा वास आला, पण वासावर मार्क नसतात. डीएनपीचे थेंब टाकले तर नारिंगी साका बसला, म्हणजे अल्डिहाइड किंवा कीटोन. फेरिक क्लोराइडने जांभळा रंग आला नाही, म्हणजे फिनॉल नाही. पुढचं सोपं होतं. टोलेन्सचं द्रावण घालून परीक्षानळी गरम पाण्यात धरायची. नळीच्या आत चांदीचा आरसा चढला तर अल्डिहाइड, नाही चढला तर कीटोन.

माझ्या नळीत आरसा आला नाही, काळपट गाळ आला. खात्री करायला फेलिंगची चाचणी केली. तांबडा साका यायला हवा होता, पण द्रावण निळंच राहिलं. दोन पुरावे एकाच बाजूने बोलतायत म्हणून मी जर्नलात ठळक अक्षरांत 'कीटोन' लिहिलं. बाटलीत बेन्झाल्डिहाइड होतं.

चुकलं काय, हे मला खूप नंतर कळलं. काळा गाळ हीसुद्धा चांदीच असते. काच स्वच्छ, तेलाचा अंशही नसलेली असेल तर सुटलेली चांदी तिच्यावर सलग पातळ थर धरते. नळी मळकी असेल तर तीच चांदी बारीक भुकटी होऊन खाली बसते. म्हणजे माझी चाचणी 'हो' म्हणाली होती, फक्त पुस्तकातल्या चित्रासारखी म्हणाली नव्हती. आणि फेलिंगचं द्रावण बेन्झाल्डिहाइडसारख्या, थेट बेन्झीनच्या कड्याला जोडलेल्या अल्डिहाइडला सहसा दाद देत नाही. आता कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे ही चूक ओळखीची वाटते. लॉगमध्ये अपेक्षित ओळ दिसली नाही म्हणून काम झालंच नाही, असं मी अजूनही अधूनमधून समजतो.

या आरशाचा इतिहास लीबिगपासून सुरू होतो. १८३५ साली युस्टुस लीबिगने अल्कोहोलमधला थोडा हायड्रोजन काढून घेतल्यावर उरणाऱ्या पदार्थाला नाव दिलं. 'अल्कोहोल डीहायड्रोजनेटस' या लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून झालं 'अल्डिहाइड'. चांदीच्या क्षाराबरोबर हा पदार्थ तापवला की काच चकाकते, हे त्याने तेव्हाच पाहिलं होतं. पुढे त्याने ही गोष्ट खऱ्या आरशांसाठी वापरायचा प्रयत्न केला. तोवर आरसे कथील आणि पारा लावून बनत आणि कारागिरांच्या अंगात पारा भिनत असे. १८८२ साली बर्नहार्ड टोलेन्सने चांदीच्या अमोनियायुक्त द्रावणात कॉस्टिक सोडा घालून ते अधिक संवेदनशील केलं. म्हणून आरसा लीबिगचा आणि नाव टोलेन्सचं.

मुळात ही चाचणी एकच प्रश्न विचारते: तुझ्या कार्बनवर सहज काढता येईल असा हायड्रोजन आहे का? अल्डिहाइडच्या कार्बोनिल कार्बनवर तो असतो, म्हणून त्याचं आम्ल होतं आणि सुटलेले इलेक्ट्रॉन चांदीला मिळतात. कीटोनला दोन्ही बाजूंनी कार्बनच चिकटलेले असतात. त्याचं ऑक्सिडीकरण करायचं तर कार्बन-कार्बन बंध तोडावा लागतो, आणि ते या सौम्य द्रावणाच्या कुवतीबाहेर असतं.

दुसरा रस्ता रंगाचा. १८६६ साली इटलीत काम करणाऱ्या ह्यूगो शिफने फुक्सिन हा त्या काळातला नवाकोरा किरमिजी रंग घेतला. त्यात सल्फर डायऑक्साइड मिसळला की रंग उडतो, आणि अल्डिहाइडचा थेंब पडला की गुलाबी-जांभळी छटा येते. या चाचणीची गोम अशी की नळी तापवायची नाही. तापवली तर वायू निघून जातो, मूळ रंग आपोआप परततो आणि नळीत अल्डिहाइड नसतानाही आपण 'सापडलं' म्हणतो. माझ्या प्रॅक्टिकलच्या नेमकी उलट चूक.

आम्ही सानपाड्याला राहतो आणि घरी मासे आठवड्यातून दोनदा तरी असतात, तरी या रसायनशास्त्राचा आणि मासळीचा संबंध माझ्या डोक्यात कधी जुळला नव्हता. तो जुळला जुलै २०१८ मध्ये. मडगावच्या मावशीचा फोन आला, "आमच्याकडे मासळी बंद आहे रे, फॉर्मालिन निघालंय." फॉर्मालिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण. सगळ्यांत लहान अल्डिहाइड, शवागारातलं.

जून-जुलैत गोव्यात मासेमारीबंदी असते, त्यामुळे मासळी आंध्र, ओडिशा अशा लांबच्या किनाऱ्यांवरून ट्रकने येते. १२ जुलैला अन्न व औषध प्रशासनाच्या लोकांनी मडगावच्या घाऊक बाजारात जागेवरच चाचण्या केल्या. निकाल आला, फॉर्मालिन आहे. त्यानंतर प्रयोगशाळेतून खुलासा आला की प्रमाण मर्यादेत आहे. लोक भडकले, आणि ते रास्त होतं. माशात फॉर्मालिन घालायला परवानगीच नाही, मग मर्यादा कसली? काही दिवसांत सरकारने परराज्यातली मासळी महिनाअखेरपर्यंत बंद केली.

मला वाटतं, या गोंधळाची एक मुळी चाचणीच्या स्वभावातच होती. बाजारातली झटपट चाचणी सांगते, फॉर्माल्डिहाइड आहे. ते कुणी टाकलं हे ती सांगू शकत नाही. आणि समुद्री मासा ते स्वतःही तयार करतो. त्याच्या मांसात ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमेथिलअमाइन करतात, तोच आपल्या ओळखीचा शिळ्या मासळीचा वास. पण काही जातींत एक विकर त्याच पदार्थाचे वेगळे तुकडे करतं: एक डायमेथिलअमाइन, एक फॉर्माल्डिहाइड. या कामात अग्रेसर असलेल्यांपैकी एक म्हणजे आपला बोंबील. समुद्रातून काढून नुसता ठेवला तरी त्याच्यात फॉर्माल्डिहाइड वाढत जातं. मुंबईच्या नावाने जगात ओळखला जाणारा मासा अशा चाचणीत निर्दोष असूनही अडकू शकतो!

उलटही घडू शकतं. फॉर्माल्डिहाइड माशाच्या प्रथिनांना घट्ट धरून बसतं. जागेवरची चाचणी बहुतांशी मोकळा भागच पाहते, त्यामुळे आधी लावलेलं, पण आता बांधलं गेलेलं फॉर्मालिन नजरेतून सुटू शकतं.

मग दोन्हींतला फरक करायचा कसा? माशाने स्वतः फॉर्माल्डिहाइड केलं असेल तर प्रत्येक रेणूमागे डायमेथिलअमाइनचाही एक रेणू झालेला असणार. दोन्ही मोजा. फॉर्माल्डिहाइड जोडीदारापेक्षा खूपच जास्त निघालं तर ते बाहेरून आलंय असा संशय घ्यायला जागा आहे. पण हे मोजमाप रंग बघून होत नाही, त्याला उपकरणं लागतात आणि वेळ लागतो. बाजारात ट्रक उभा असतो, बर्फ वितळत असतो, आणि अधिकाऱ्याच्या हातात असते ती रंग बदलणारी चाचणीच.

मी हे सगळं आईला सांगितलं तेव्हा ती बोंबील साफ करत होती. सवयीप्रमाणे तिने कल्ले उघडून पाहिले, बोट दाबून पाहिलं, वास घेतला. मी म्हटलं, "आई, यातलं फॉर्मालिन वासाने कळणार नाही."

"तुझ्या नळीला तरी कुठे कळलं होतं," ती म्हणाली, आणि बोंबील पाण्याखाली धरले.