हेल्थ बारमागची रेंगाळणारी पट्टी

आजचा विषय तुमच्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात असतो, पण त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. गेममध्ये मार बसला की हेल्थ बार कमी होतो, आणि गेलेला तुकडा क्षणभर वेगळ्या रंगात तिथेच रेंगाळतो. मग तोही सरकत संपतो. हा तुकडा आला कशासाठी?

सुरुवात करू १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'पासून. कॅपकॉमच्या या गेममध्ये पिवळा बार होता आणि त्याच्याखाली लाल. मार खाल्ला की पिवळा आक्रसायचा, लाल उघडा पडायचा. किती उरलंय हे एका नजरेत कळायचं. पण हा लाल भाग आत्ताच्या ठोशाचा की वीस सेकंदांपूर्वीच्या, हे मात्र कळायचं नाही. डोळे तर लढणाऱ्यांवर असतात. बारकडे नजर जाईपर्यंत बदल होऊन गेलेला असतो.

रेंगाळणारा तुकडा नेमकं हेच सांगतो: आत्ता एवढं गेलं. २०११ च्या 'डार्क सोल्स'मध्ये शत्रूच्या बारवर हा पिवळा तुकडा दिसतो. तलवारीचा एक वार किती लागला, हे आकडा न वाचताही कळतं.

आता आतलं यंत्र बघू. मी कामाने सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे पाच ओळी कोड दाखवल्याशिवाय राहवत नाही. बार एक दिसतो, पण आत आकडे दोन असतात: खरी हेल्थ, आणि मागून येणारी `trail`.

```
if (newHealth < health) wait = 0.5;
health = newHealth;
if (health >= trail) trail = health;
else if (wait > 0) wait -= dt;
else trail = max(health, trail - 60 * dt);
```

समजा हेल्थ १०० आहे आणि तीन फटके बसले: सुरुवातीला १०, ०.३ सेकंदाला आणखी १०, ०.६ सेकंदाला १५. पुढचा बार प्रत्येक फटक्याला लगेच खाली येतो: ९०, ८०, ६५. मागचा मात्र १०० वरच थांबतो, कारण प्रत्येक फटक्याने अर्ध्या सेकंदाची वाट नव्याने सुरू होते. ती १.१ सेकंदाला संपते. मग ३५ चा अख्खा तुकडा साधारण ०.६ सेकंदात सरकत जातो. पूर्ण कॉम्बोचा हिशोब एका तुकड्यात.

वाट फक्त पहिल्या फटक्यालाच सुरू केली तर? ०.५ सेकंदाला तुकडा सरकायला लागतो, आणि तिसरा फटका बसेपर्यंत तो ९४ वर आलेला असतो. तुकडा ३५ ऐवजी २९ चा दिसतो, म्हणजे कॉम्बो होता त्यापेक्षा हलका वाटतो. तिसरी ओळ औषध प्यायल्यावर लागते. हेल्थ वाढून `trail` च्या पुढे गेली आणि `trail` खालीच राहिली, तर पुढच्या फटक्याला तुकडा चुकीच्या जागेवरून निघतो.

शेवटच्या ओळीतला `dt` म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. तो न वापरता 'दर फ्रेमला १' असं लिहिलं, तर ६० हर्ट्झच्या फोनवर सगळं बरोबर दिसेल, पण १२० हर्ट्झवर तोच तुकडा निम्म्या वेळात पळेल. दोन्ही फोन शेजारी ठेवून खेळलात की लगेच लक्षात येईल.

यातून एक नियम निघतो: गुळगुळीतपणा मागच्या पट्टीला द्या, पुढच्या बारला नाही. पुढचा सावकाश उतरवला, तर खेळाडूला १० हेल्थ उरली असताना ४० दिसते. तो धाडस करतो आणि मरतो. बार सुंदर दिसला, पण खोटं बोलला.

गंमत म्हणजे काही गेम्सनी हा उशीर हाच खेळाचा नियम केला. १९९४ च्या जपानी 'मदर टू'मध्ये हेल्थचा आकडा मोटारीच्या मीटरसारखा फिरत खाली येतो. जीवघेणा फटका बसला तरी आकडा शून्यावर येण्याआधी लढाई जिंकली किंवा औषध दिलं, तर पात्र वाचतं. इथे सावकाश उतरणारा आकडा खोटा नाही, कारण जीव खरोखर तेवढाच उरलेला असतो.

२०१५ च्या 'ब्लडबोर्न'मध्ये तर मागच्या पट्टीलाच किंमत आली. मार खाल्ल्यावर गेलेला भाग थोडा वेळ केशरी राहतो, आणि तेवढ्यात उलटा वार केला तर त्यातली हेल्थ परत मिळते. जी पट्टी आधी फक्त 'एवढं गेलं' म्हणायची, ती आता 'अजून वेळ आहे, मार!' म्हणते. त्यामुळे मार खाऊन मागे पळणारा खेळाडू पुढे घुसायला लागतो.

आज रात्री खेळताना एकदा मागच्या पट्टीकडे बघा. ती मार मोजतेय, की संधी देतेय? उत्तर कमेंटमध्ये लिहा. भेटूया पुढच्या भागात!