अंशदान (परिव्यय लेखांकन)

अंशदान किंवा कॉन्ट्रिब्युशन मार्जिन ही परिव्यय लेखांकनातील एक मूलभूत संकल्पना आहे. वस्तूच्या विक्री किमतीतून त्या वस्तूमुळे होणारा बदलता खर्च वजा केल्यावर जी रक्कम उरते, तिला अंशदान म्हणतात. ही रक्कम म्हणजे नफा नव्हे. ती प्रथम व्यवसायाच्या स्थिर खर्चाची भरपाई करते आणि तो खर्च पूर्ण भरून निघाल्यानंतरच नफ्यात जमा होऊ लागते. विकलेला प्रत्येक नग स्थिर खर्चाच्या सामाईक ओझ्यात आपला अंश देतो, असा या नावाचा अर्थ आहे.

सूत्ररूपाने,

प्रति नग अंशदान = प्रति नग विक्री किंमत − प्रति नग बदलता खर्च

## खर्चाचे दोन भाग

या संकल्पनेचा पाया म्हणजे खर्चाचे वर्तन. उत्पादन किंवा विक्री वाढली की ज्या खर्चाची एकूण रक्कम त्याच प्रमाणात वाढते, तो बदलता खर्च. कच्चा माल, नगावर दिली जाणारी मजुरी, वेष्टन, विक्रेत्याचे कमिशन हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. एक नगही तयार झाला नाही तरी जो खर्च द्यावाच लागतो, तो स्थिर खर्च. उदाहरणार्थ गाळ्याचे भाडे, मासिक पगार, विमा आणि यंत्राचा घसारा.

खर्चाचे नाव वाचून त्याचा प्रकार ठरत नाही. पाठ्यपुस्तकांत मजुरी सर्रास बदलत्या खर्चात दाखवली जाते. तथापि मजूर मासिक पगारावर असतील आणि काम कमी झाले म्हणून त्यांचा पगार कापला जात नसेल, तर ती मजुरी स्थिर खर्चच ठरते. काही खर्च मिश्र असतात. महावितरणच्या वीजदेयकात स्थिर आकार वेगळा असतो आणि वापरलेल्या युनिटनुसार लागणारा वीज आकार वेगळा असतो. त्यामुळे एकाच देयकाचे दोन भाग करावे लागतात.

## उदाहरण

शालेय वह्या तयार करणाऱ्या एका काल्पनिक लघुउद्योगाचा हिशेब येथे घेतला आहे. 200 पानी वही हा उद्योग विक्रेत्यांमार्फत 40 रुपयांना विकतो. एका वहीमागे कागद 18 रुपये, मुखपृष्ठाचा पुठ्ठा 2.50 रुपये, शाई, तार व डिंक 1 रुपया, बांधणीची नगावरची मजुरी 1.50 रुपये, वीज 1 रुपया, वाहतूक 1 रुपया आणि विक्रेत्याचे कमिशन 3 रुपये असा 28 रुपये बदलता खर्च येतो. म्हणजेच एका वहीचे अंशदान 12 रुपये आहे. विक्री किमतीशी त्याचे प्रमाण 30 टक्के पडते. या प्रमाणाला अंशदान गुणोत्तर म्हणतात.

वीज खर्चाचा प्रति वही 1 रुपया कसा काढला, हे पाहण्यासारखे आहे. ज्या महिन्यात सर्वाधिक, म्हणजे 13,500 वह्या झाल्या, त्या महिन्याचे देयक 18,000 रुपये होते. सर्वांत कमी, 7,000 वह्या झालेल्या महिन्याचे देयक 11,500 रुपये होते. 6,500 वह्यांच्या फरकामागे 6,500 रुपयांचा फरक पडला, म्हणजे प्रति वही 1 रुपया. उरलेले 4,500 रुपये वह्यांच्या संख्येवर अवलंबून नाहीत, म्हणून ते स्थिर खर्चात जातात. ही पद्धत सोपी आहे. मात्र निवडलेल्या दोन महिन्यांपैकी एखादा असाधारण असला, उदाहरणार्थ त्यात जुनी थकबाकी भरलेली असली, तर तिचे उत्तर चुकते.

या उद्योगाचा मासिक स्थिर खर्च असा आहे: पगार 56,000, भाडे 30,000, कर्जावरील व्याज 14,000, घसारा 12,000, विजेचा स्थिर भाग 4,500 आणि विमा व किरकोळ खर्च 3,500, एकूण 1,20,000 रुपये. हा खर्च 12 रुपयांनी भागला असता 10,000 ही संख्या मिळते. महिन्याला 10,000 वह्या विकल्या तर नफाही होत नाही आणि तोटाही होत नाही. या पातळीला ना-नफा-ना-तोटा बिंदू किंवा समविच्छेद बिंदू म्हणतात. 9,000 वह्या विकल्या तर 12,000 रुपये तोटा होतो, आणि 12,000 वह्या विकल्या तर 24,000 रुपये नफा होतो.

10,001 व्या वहीपासून प्रत्येक वहीचे पूर्ण 12 रुपये नफ्यात पडतात. त्यामुळे विक्री 12,000 वरून 13,000 वर गेली, म्हणजे जेमतेम 8 टक्क्यांनी वाढली, तरी नफा 24,000 वरून 36,000 रुपये होतो, म्हणजे दीडपट. स्थिर खर्चाचे प्रमाण मोठे असलेल्या व्यवसायांत नफा असा झपाट्याने वर जातो, आणि विक्री घसरली की तितक्याच झपाट्याने खाली येतो.

## जादा मागणीचा निर्णय

अंशदानाचा खरा उपयोग निर्णयाच्या वेळी दिसतो. वरील उद्योग महिन्याला 12,000 वह्या विकत असताना एका शिक्षणसंस्थेने 3,000 वह्या थेट मागितल्या, परंतु भाव 33 रुपयेच देऊ केला, असे समजू. विक्रेता मध्ये नसल्याने कमिशन वाचते आणि बदलता खर्च 25 रुपयांवर येतो. जुन्या पद्धतीने हिशेब करणारा त्यात स्थिर खर्चाचा वाटा, म्हणजे 1,20,000 भागिले 12,000 असे 10 रुपये मिळवतो. वहीचा खर्च 35 रुपये ठरतो, आणि 33 रुपयांचा भाव तोट्याचा म्हणून नाकारला जातो.

या हिशेबातील चूक अशी की ते 10 रुपये या मागणीमुळे वाढणारच नाहीत. गाळ्याचे भाडे वही विकली तरी तेवढेच आणि न विकली तरी तेवढेच. मागणी स्वीकारल्यास प्रत्येक वहीमागे 8 रुपये, म्हणजे एकूण 24,000 रुपये अंशदान मिळते आणि त्या महिन्याचा नफा दुप्पट होऊन 48,000 रुपये होतो.

हे उत्तर दोन गृहीतकांवर उभे आहे आणि दोन्ही तपासावी लागतात. पहिले म्हणजे यंत्राला तेवढी सवड असली पाहिजे. शिलाई यंत्र महिन्यात 14,000 वह्याच काढू शकत असेल, तर नेहमीच्या 1,000 वह्या सोडाव्या लागतात आणि त्यांचे 12,000 रुपये अंशदान बुडते. निव्वळ लाभ 12,000 रुपये उरतो. दुसरे म्हणजे स्वस्त भावाची वार्ता नेहमीच्या बाजारात पोहोचता कामा नये. विक्रेत्यांनी त्याकडे बोट दाखवून वहीमागे 2 रुपये सूट मागितली आणि ती द्यावी लागली, तर 12,000 वह्यांवर 24,000 रुपये जातात. मागणीचा सारा लाभ तेथेच संपतो, आणि सूट पुढील महिन्यांतही चालू राहिली तर तोटाच पदरी पडतो.

## कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सचे प्रकरण

या विचारसरणीचे बहुधा सर्वाधिक उद्धृत झालेले उदाहरण विमानवाहतुकीतील आहे. अमेरिकेतील बिझनेस वीक या साप्ताहिकाने एप्रिल 1963 मध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्स या कंपनीच्या धोरणावर लेख छापला. ही कंपनी 1962 मध्ये आपल्या जेट विमानांतील सुमारे निम्म्याच जागा भरत असूनही जादा उड्डाणे चालवत होती. लेखात दिलेला नमुना हिशेब असा होता: एका जादा उड्डाणाचा, सर्व सामाईक खर्चाचा वाटा धरून येणारा खर्च 4,500 डॉलर, त्या उड्डाणामुळे प्रत्यक्ष वाढणारा खर्च 2,000 डॉलर, आणि अपेक्षित उत्पन्न 3,100 डॉलर. पहिल्या आकड्याशी तुलना केली तर 1,400 डॉलरचा तोटा दिसतो. प्रत्यक्षात उड्डाण केल्यास कंपनीच्या नफ्यात 1,100 डॉलरची भर पडते, कारण उरलेला 2,500 डॉलरचा वाटा उड्डाण रद्द केल्यानेही वाचत नाही.

हा तर्क केवळ जादा उड्डाणांना लागू होतो, हे विसरले की घात होतो. कंपनीचे मूळ वेळापत्रक सर्व खर्च भरून काढत असेल तरच वरची उड्डाणे अशा निकषावर जोडता येतात. सर्वच उड्डाणे 3,100 डॉलर उत्पन्नाची झाली, तर स्थिर खर्च भरून काढणारे कोणी उरणार नाही.

## मर्यादा

स्थिर खर्च हा सर्वकाळ स्थिर नसतो. तो ठरावीक काळापुरता आणि ठरावीक उत्पादनमर्यादेपुरता स्थिर असतो. वह्यांचे उत्पादन 14,000 च्या पुढे न्यायचे झाल्यास दुसरे यंत्र, दुसरा कारागीर आणि कदाचित मोठा गाळा लागेल. तेव्हा स्थिर खर्च पायरी चढल्यासारखा एकदम वाढतो आणि ना-नफा-ना-तोटा बिंदूही सरकतो. एकट्या सवलतीच्या मागणीचा हिशेब बरोबर असतो, पण अशा मागण्या नेहमीच्या झाल्या की त्यांच्यासाठीच पुढची पायरी चढावी लागते. महिन्यांमागून महिने विक्री वाढत असूनही भाडे व पगार भागत नसतील, तर ते या स्थितीचे लक्षण समजावे.

अनेक वस्तू असलेल्या व्यवसायात प्रति नग अंशदान दिशाभूलही करू शकते. वरील उद्योगाची चित्रकलेची वही 60 रुपयांना विकली जाते, तिचा बदलता खर्च 40 रुपये आहे आणि अंशदान 20 रुपये. 12 रुपयांपुढे ते सरस वाटते. परंतु शिलाई यंत्र तासाला साध्या 70 वह्या काढते, तर चित्रकलेच्या 35 च. यंत्राचा वेळ अपुरा असेल तेव्हा तासाला 840 रुपये देणारी साधी वही 700 रुपये देणाऱ्या वहीपेक्षा श्रेयस्कर ठरते. म्हणून ज्या साधनाची टंचाई असेल, त्या साधनाच्या प्रत्येक एककामागे मिळणारे अंशदान पाहिले जाते.

## लेखांकनातील स्थान

अमेरिकेत या पद्धतीच्या प्रसारात जोनाथन हॅरिस यांच्या 1936 मधील लेखाचा उल्लेख केला जातो. विक्री वाढूनही नफा घटलेला का दिसतो, हा त्या लेखातील प्रश्न होता. कारखान्याचा स्थिर खर्च तयार मालाच्या साठ्यात वाटला की, विक्रीबरोबरच उत्पादनाच्या चढउतारानेही नफा हलतो. साठा वाढवला की स्थिर खर्चाचा काही भाग गोदामात जाऊन बसतो आणि नफा फुगलेला दिसतो. अंशदान पद्धतीत स्थिर खर्च त्या त्या काळातच पूर्ण वजा होत असल्याने हा दोष राहत नाही.

असे असले तरी प्रकाशित वार्षिक हिशेबांसाठी ही पद्धत वापरता येत नाही. भारतात साठ्याच्या मूल्यांकनाविषयीचे लेखा मानक 2 आणि भारतीय लेखा मानक 2 या दोहोंनुसार उत्पादनाच्या स्थिर खर्चाचा वाटा सामान्य क्षमतेच्या आधारे साठ्याच्या किमतीत धरावा लागतो. त्यामुळे अंशदानाचे विवरणपत्र कंपनीच्या व्यवस्थापनापुरते तयार होते, आणि भागधारकांच्या हाती पडणाऱ्या अहवालात ते सहसा आढळत नाही.