रोटाव्हायरस
तान्ह्या मुलांना तीव्र जुलाब व उलट्या घडवणारा विषाणू. त्याचा जनुकसंच दुपेडी आरएनएच्या ११ सुट्या तुकड्यांचा असतो. एकाच पेशीत दोन वाण शिरले, की नव्या विषाणूकणांत दोघांचे तुकडे मिसळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासील’ लस याच अदलाबदलीवर उभी आहे: गाईच्या विषाणूचे १० तुकडे आणि बाह्य कवचातील व्हीपी७ प्रथिनाचा मानवी तुकडा, असे पाच वाण तिच्यात आहेत. संसर्ग लहान आतड्याच्या अस्तरात होतो. तिथेच प्रतिकार घडावा म्हणून लस तोंडावाटे देतात. महाराष्ट्रात २०१९ पासून सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला रोटाव्हायरस लस मिळते. मात्र भारतीय चाचणीत रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून रोटासीलचे संरक्षण सुमारे ३६ टक्केच भरले. नायजरमध्ये ते ६७ टक्के होते.